६.४ चा सीजीपीए आणि बाकीची फाइल

शेगाव, चिखली, मलकापूर, बुलढाणा. जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधून बाहेर पडलेल्या बहुतेक मुलांच्या हातात संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या गुणपत्रिका असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडे त्या आठपेक्षा जास्त असतात. सेमिस्टर आठ, पण गुणपत्रिका अकरा. कारण उघड आहे: पहिल्या वर्षी मेकॅनिक्स राहिलं, दुसऱ्या वर्षी एम-थ्री राहिलं, मग हिवाळी आणि उन्हाळी परीक्षांच्या फेऱ्या झाल्या. पुढे हाच मुलगा जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये एमएस करायचं म्हणाला, की घरच्यांपासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत एकच उत्तर मिळतं: ‘तुझे बॅक किती आहेत ते बघ आधी.’

बघायला हवेतच. पण ते परदेशातलं विद्यापीठ कसं बघतं, हे कट्ट्यावर कोणी सांगत नाही.

एक नमुना घेऊ. मेकॅनिकलचा विद्यार्थी, एकूण सीजीपीए ६.४. आठ सेमिस्टरचे आकडे असे: ५.६, ५.४, ५.५, ६.२, ६.६, ७.०, ७.४, ७.५. पहिल्या तीन सेमिस्टरमध्ये पाच विषय राहिले. त्यातला एम-थ्री दोनदा गेला आणि तिसऱ्या प्रयत्नात सुटला, बाकीचे चार दुसऱ्या प्रयत्नात सुटले. म्हणजे राहिलेले विषय पाच, पण नापासाचे शेरे सहा. हा फरक किरकोळ वाटतो, पण बॅकलॉगची संख्या विचारणारी काही विद्यापीठं विषय मोजतात, काही प्रयत्न मोजतात. म्हणून अर्जात आकडा टाकण्याआधी तिथे नेमकं काय विचारलंय ते वाचावं लागतं, आणि कॉलेजकडून घेतलेल्या बॅकलॉग सर्टिफिकेटवर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्याव्या लागतात. अर्जात पाच आणि सर्टिफिकेटवर सहा असं दिसलं, तर मूळ नापासापेक्षा ती विसंगतीच जास्त महागात पडते.

आता हीच फाइल जर्मनीच्या दारात नेऊ. तिथे परदेशी गुण जर्मन श्रेणीत बदलायचं एक सूत्र आहे, ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ या नावानं ते ओळखलं जातं. जास्तीत जास्त शक्य गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्या उत्तराला जास्तीत जास्त आणि उत्तीर्णतेचे गुण यांतल्या फरकानं भागायचं, तीनने गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. जर्मनीत १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४ ही जेमतेम पास, हे आधी डोक्यात पक्कं करायला हवं. तिथे आकडा जितका लहान तितका चांगला. आपल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत, दहापैकी ४ ला पास धरलं, तर १ + ३ × (१० − ६.४) ÷ (१० − ४), म्हणजे २.८.

तिथल्या अनेक मास्टर्स अभ्यासक्रमांची अट २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी अशी असते. उलटं गणित केलं तर २.५ म्हणजे बरोबर ७.० सीजीपीए. ३.० ची अट असेल तर ६.० पुरतो. आपला विद्यार्थी या दोन रेषांच्या मधोमध उभा आहे. जिथे २.५ ही कडक अट आहे, तिथे बाकीची फाइल सोन्यानं मढवली तरी उघडलीच जात नाही, कारण छाननी आधी आकड्यावर होते. अशा ठिकाणी अर्ज करणं म्हणजे फी वाया घालवणं. जर्मन विद्यापीठांचे अर्ज तपासणाऱ्या ‘उनी-असिस्ट’ची पहिल्या अर्जाची फी ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाची ३० युरो आहे. चुकीच्या दारांवर पाच-सहा वेळा टकटक केली तर आकडा बघता बघता वीस हजार रुपयांच्या आसपास जातो.

या सूत्रात एक गोष्ट मात्र कुठेच नाही: बॅकलॉग. विषय कितव्या प्रयत्नात सुटला, याला सूत्रात जागाच नाही; अंतिम सीजीपीए तेवढा लागतो. कट्ट्यावरच्या भीतीला इथे मोठी कात्री लागते. ब्रिटन, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियातली काही विद्यापीठं बॅकलॉगच्या संख्येवर मर्यादा घालतात, हे खरं. पण जर्मनीत अडते ती मुख्यतः श्रेणी. कॅनडात आणखी तिसरा प्रकार आहे. तिथली अनेक विद्यापीठं वरच्या वर्षांचे गुण वेगळे काढून पाहतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या विषयांकडे बघतं. आपल्या विद्यार्थ्याच्या शेवटच्या चार सेमिस्टरची सरासरी ७.१ च्या वर जाते, पहिल्या चारांची ५.७ च्या आत राहते. एकच मुलगा, पण एका दारात ६.४ चा आणि दुसऱ्या दारात ७.१ चा. त्यामुळे पहिलं काम फाइल सजवण्याचं नसून दारं निवडण्याचं आहे.

आता उरलेली दारं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठासारख्या ठिकाणी अनेक अभ्यासक्रमांना ‘पात्रता मूल्यमापन’ नावाची प्रक्रिया असते. गुणपत्रिका त्यातला एक भाग. त्याशिवाय पदवीचे विषय त्यांच्या विषयांशी किती जुळतात, हेतुपत्र कसं आहे, काही ठिकाणी निबंध, अशा प्रत्येक गोष्टीला गुण दिले जातात. वरच्या रेषेच्या पलीकडचे थेट आत, खालच्या रेषेखालचे बाहेर, आणि मधल्यांना मुलाखत किंवा चाचणी. कमी सीजीपीएच्या मुलाला या मधल्या पट्ट्यात पोचायचं असतं.

इथे सगळ्यात जास्त गुण विषयांच्या जुळवणीत हरवतात, आणि मुलं नेमकं तेच पान घाईत भरतात. समजा तिकडे उष्णतेच्या विषयांची अमुक एवढी युरोपीय क्रेडिट्स हवी आहेत. आपल्या गुणपत्रिकेवर फक्त ‘हीट ट्रान्सफर, ४ क्रेडिट’ एवढंच छापलेलं असतं. तपासणाऱ्या प्राध्यापकाला अमरावती विद्यापीठाचा अभ्यासक्रम पाठ नसतो. त्याला त्या विषयाचा सिलॅबस, युनिट एक ते सहा, तास आणि प्रयोग, असा समोर ठेवावा लागतो. क्रेडिटचं रूपांतरही स्वतःच मांडून द्यावं. तिथे एका वर्षाची ६० क्रेडिट्स धरतात, म्हणजे चार वर्षांची २४०. आपली पदवी एकूण १६० क्रेडिट्सची असेल, तर आपलं एक क्रेडिट त्यांच्या दीड क्रेडिटाइतकं आणि चार क्रेडिटचं हीट ट्रान्सफर सहाचं. थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, प्रयोगशाळा असं एकेक ओळीनं लावलं, तर कमी गुणांच्या मुलाची जुळवणी टॉपरइतकीच भरते, कारण दोघांनी विषय तेच घेतलेले असतात. इथे गुणांचा प्रश्नच नाही, कागद नीट लावण्याचा आहे.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे पडलेल्या विषयाचा पुरावा. समितीतल्या माणसाला एम-थ्रीचा शेरा दिसतो आणि त्याच्या मनात एक साधा प्रश्न येतो: याला गणित झेपेल का? या प्रश्नाला ‘मी मेहनती आहे’ हे उत्तर चालत नाही. गणिताचं उत्तर गणितातच द्यावं लागतं. आयआयटी आणि आयआयएससी मिळून चालवत असलेल्या ‘एनपीटीईएल’वर इंजिनिअरिंग गणिताचे, न्यूमेरिकल मेथड्सचे कोर्स आहेत. शिकणं फुकट आहे, परीक्षेची फी साधारण हजार रुपये. गुणांत घरच्या असाइनमेंटचा वाटा २५ टक्के आणि केंद्रावर बसून, निरीक्षकासमोर दिलेल्या परीक्षेचा ७५ टक्के. ७५ च्या पुढे ‘एलिट’ सोबत चांदीचा शेरा, ९० ला सोन्याचा. खामगावात राहून, नोकरी सांभाळून बारा आठवड्यांत होणारी ही गोष्ट आहे. एम-थ्री दोनदा गेलेल्या मुलाच्या फाइलमध्ये ७८ गुणांचं असं एक सर्टिफिकेट, बिननिरीक्षक व्हिडिओ बघून मिळवलेल्या पंधरा सर्टिफिकेटांपेक्षा जड असतं. ती पंधरा मुळात न लावलेलीच बरी. समितीला त्यातून एवढंच कळतं की मुलगा वरवर फिरला.

त्याच्यावरचा पुरावा म्हणजे ‘गेट’. ही परीक्षा फेब्रुवारीत होते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. भारतातून अर्ज करणाऱ्यांकडून गेट किंवा जीआरई मागणारे अभ्यासक्रम जर्मनीतही आहेत. गेटचा फायदा असा की त्यात सगळ्या विद्यापीठांची मुलं एकाच कागदावर बसतात. अमरावतीचा ६.४ आणि मुंबईचा ८.१ यांतला फरक कितपत खरा, हे परदेशी प्राध्यापकाला ठरवता येत नाही. गेटच्या आकड्यावरून थोडंफार येतं. जीआरई २०२३ च्या सप्टेंबरपासून दोन तासांच्या आत संपते, पण तिची फी डॉलरमध्ये भरावी लागते आणि तिचं गणित शाळेच्या पातळीचं असतं. इंजिनिअरिंग गणितात पडलेल्याला जीआरईचा १६८ थोडा आधार देतो, एम-थ्रीचा शेरा मात्र झाकत नाही.

अमेरिकेत तर एक प्रयोग असा झाला आहे की त्यानं गुणपत्रिकाच बाजूला ठेवली. कोलोराडो बोल्डर विद्यापीठाच्या कोर्सेरावरच्या कॉम्प्युटर सायन्स आणि डेटा सायन्सच्या मास्टर्सना आधीची गुणपत्रिका मागतच नाहीत. ठरलेले तीन कोर्स फी भरून करायचे, त्यात सरासरी ३.० मिळवायची, की प्रवेश पक्का. मर्यादा उघड आहे: पदवी ऑनलाइन, त्यामुळे व्हिसा नाही, कॅम्पस नाही, तिकडे नोकरीची वाटही नाही. पण विचार तोच आहे, जुन्या गुणांच्या प्रश्नाला नव्या गुणांनी उत्तर देण्याचा.

गुण नसलेल्या गोष्टींचं वजन किती असू शकतं, याचं बुलढाणा जिल्ह्यातलं ठसठशीत उदाहरण राजू केंद्रे यांचं. लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारेचा हा शेतकरी घरातला मुलगा. पुण्यात शिकायचं स्वप्न होतं, पण तिथे टिकाव धरता आला नाही, आणि पदवी झाली ती यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून. मुक्त विद्यापीठाची पदवी म्हटली की आपल्याकडे आजही नाकं मुरडली जातात. पण त्या काळात केंद्रे मेळघाटात काम करत होते. पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेतून त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतलं, मुख्यमंत्री फेलो म्हणून काम केलं, आणि पहिल्या पिढीतल्या मुलांना उच्च शिक्षणाच्या दारापर्यंत नेणारी ‘एकलव्य’ ही संस्था उभी केली. २०२१ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली आणि ते लंडनच्या ‘सोआस’मध्ये शिकायला गेले.

ही गोष्ट इंजिनिअरिंगच्या मुलाच्या कामाची आहे का? आहे, पण तिचा चुकीचा अर्थ काढायला नको. ‘समाजकार्य केलं की लंडन मिळतं’ असा तिचा अर्थ नाही. चेव्हनिंगला अर्जदाराकडे किमान २,८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो, म्हणजे पूर्णवेळ नोकरीची जवळपास दोन वर्षं, आणि शिक्षण झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते. केंद्रे यांच्या फाइलमध्ये काम आधी होतं आणि शिकायचा विषय त्या कामातून आला होता. दोन्ही एकाच रेषेत बसत होती. आपल्या नमुन्याच्या मेकॅनिकलच्या मुलानं अर्ज भरायच्या दोन महिने आधी वृक्षारोपणाचे फोटो काढले, तर ती रेष तयार होत नाही. पण त्यानं खामगाव किंवा मलकापूरच्या एमआयडीसीत दोन वर्षं काम केलं, तिथल्या तेलगिरणीच्या बॉयलरमधून उष्णता कुठे वाया जाते याची मोजमापं घेतली आणि मग ऊर्जा अभियांत्रिकीचा मास्टर्स मागितला, तर रेष आपोआप बनते. काम लहान असलं तरी चालतं, ते ज्या प्रश्नापर्यंत आणून सोडतं तो प्रश्न मात्र खरा हवा.

अशा मुलाची शिफारसपत्रं कुठे बिघडतात, हेही एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. चौथ्या वर्षाच्या जानेवारीत मुलगा एचओडींच्या केबिनमध्ये जातो. सर म्हणतात, ‘तू लिहून आण, मी सही करतो.’ मुलगा सीनियरकडून एक फाइल मिळवतो, त्यात नाव बदलतो. त्या पत्रात तो ‘वर्गातल्या पहिल्या पाच टक्क्यांत’ असतो. शेजारी गुणपत्रिकेवर ५.४ असतो. हे दोन कागद एकाच माणसानं एकापाठोपाठ वाचले की पत्राची किंमत शून्य होते, आणि उरलेल्या फाइलवरही शंकेची सावली पडते. शिवाय अनेक विद्यापीठं पत्र मुलाकडून घेतच नाहीत. शिफारस करणाऱ्याच्या संस्थेच्या ईमेलवर लिंक पाठवतात. तिथे जीमेलचा पत्ता दिला तर प्रश्न उभा राहतो.

चांगलं पत्र कमी गुणांना टाळत नाही. प्रोजेक्ट गाइडनं लिहावं, की हा मुलगा दुसऱ्या वर्षी माझ्या विषयात नापास झाला होता. पुढच्या वर्षी त्यानं माझ्याकडे प्रोजेक्ट मागितला, हीट एक्स्चेंजरची रचना केली, पहिल्या चाचणीत गळती निघाली, कारण त्यानंच शोधलं, आणि शेवटच्या वर्षात त्याचे गुण ७.५ झाले. मुलानं स्वतः सांगितलं तर जे सबबीसारखं वाटतं, ते गाइडनं सांगितलं की साक्ष होते. त्यासाठी सरांना तयार पत्र नेऊन देण्यापेक्षा एक पानभर मुद्दे द्यावेत: कोणता विषय शिकवला, कोणता प्रोजेक्ट, काय बिघडलं, काय मोजलं. पत्र त्यांनाच लिहू द्यावं. इंग्रजी जरा ओबडधोबड झालं तरी हरकत नाही. दुसरं पत्र कंपनीतल्या वरिष्ठाचं असलं तर उत्तम, पण त्यात पगार आणि हुद्दा नको, काम हवं.

जुनं उदाहरण द्यायचं, तर बाबासाहेब आंबेडकर. मॅट्रिकला त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. पुढे कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्रात काय केलं ते सर्वज्ञात आहे. कमी ठाऊक आहे ते हे, की लंडनच्या अर्थशास्त्र संस्थेतल्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी लिहिणारे कोलंबियाचे एडविन सेलिगमन होते, ज्यांच्या हाताखाली आंबेडकर शिकले होते. पत्र वजनदार असायचं तर लिहिणाऱ्यानं मुलाचं काम पाहिलेलं असावं लागतं.

हेतुपत्राबद्दल, म्हणजे एसओपीबद्दल, थोडक्यात. ‘लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण होतं’ हे वाक्य समितीनं हजारदा वाचलेलं असतं. बॅकलॉगचा उल्लेख करायचा का? फाइलमध्ये ते उघड दिसतात, तेव्हा करायचा, पण चार-पाच ओळींत आणि पत्राच्या मध्यावर. सुरुवातीला नाही, शेवटी तर मुळीच नाही. ओळी साधारण अशा असाव्यात: ‘पहिल्या तीन सेमिस्टरमध्ये माझे पाच विषय राहिले. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो होतो आणि पहिल्या वर्षी गणिताचा पाया कच्चा राहिला. चौथ्या सेमिस्टरनंतर एकही विषय राहिला नाही. शेवटच्या दोन वर्षांची सरासरी ७.१ आहे. इंजिनिअरिंग गणिताची एनपीटीईएल परीक्षा मी नंतर ७८ गुणांनी उत्तीर्ण झालो.’ बस. यात विद्यापीठाच्या पेपर तपासणीला दोष नाही, आजारपणाचं रडगाणं नाही. काय झालं, कधी थांबलं, आणि थांबल्याचा पुरावा कुठे आहे, एवढंच. आजारपण किंवा घरातला मृत्यू हे खरं कारण असेल तर एका वाक्यात तारखेसह लिहावं आणि कागद जोडावा.

काही मुलं नापासाच्या गुणपत्रिका गाळून फक्त शेवटच्या जोडतात. हे करू नये, आणि नैतिकतेचा मुद्दा सोडला तरी करू नये. नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना दिल्लीच्या ‘एपीएस’ कार्यालयाकडून कागदांची पडताळणी करून घ्यावी लागते. सगळ्या गुणपत्रिका तिथे तपासल्या जातात आणि फी अठरा हजार रुपये आहे. लपवलेला कागद तिथे सापडला तर बॅकलॉगमुळे न अडणारी फाइल फसवणुकीमुळे अडते. स्वतःच सीजीपीएचे टक्के करून अर्जात टाकणं हाही असाच घोळ. गुण मूळ मापातच द्यावेत. रूपांतर त्यांचं ते करतात.

पैशाचं गणित मात्र वेगळ्याच रेषेवर चालतं, आणि तिथे बरीच मुलं शेवटच्या क्षणी अडखळतात. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर वगैरे घटकांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे; तिला पदवीत किमान ६० टक्के लागतात. तंत्रशिक्षण परिषदेच्या सूत्रानं, सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहानं गुणलं, तर ६.४ चे होतात साडेछप्पन टक्के. साठसाठी ६.७५ हवा. म्हणजे म्युनिकनं प्रवेश दिला तरी या शिष्यवृत्तीचं दार बंदच. ज्याला ही शिष्यवृत्ती हवी आहे आणि जो अजून सहाव्या सेमिस्टरला आहे, त्यानं उरलेल्या दोन सेमिस्टरमध्ये आकडा कुठवर जाईल ते आजच मांडून बघावं. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात, ही २०२४ मध्ये लागू झालेली रक्कम. शैक्षणिक कर्ज काढणाऱ्यानं बँकेत जाताना ती विसरू नये.

अकोल्या-पुण्यातल्या एजंटांचा सल्ला फुकट असतो, पण त्यांचं कमिशन विद्यापीठ देतं. ६.४ आणि पाच बॅक ऐकून ‘दोन दिवसांत ऑफर लेटर’ म्हणणारा माणूस बहुधा कमिशन देणारी तीन-चार नावंच सांगतो. सरकारी जर्मन विद्यापीठांचं नाव त्याच्या यादीत क्वचित असतं, कारण तिथून त्याला काही मिळत नाही.

ऑक्टोबरच्या प्रवेशासाठी अनेक जर्मन अभ्यासक्रमांचे अर्ज ३१ मे किंवा १५ जुलैला बंद होतात. मागे मोजत गेलं तर एपीएसचे कागद आदल्या हिवाळ्यात निघायला हवेत, अमरावती विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट त्याच्याही आधी, गेट फेब्रुवारीत, आणि एनपीटीईएलचा जुलैत सुरू होणारा कोर्स आदल्या वर्षीचा. म्हणजे आठव्या सेमिस्टरचा निकाल लागल्याबरोबर अर्ज भरायला बसणारा मुलगा त्या वर्षीच्या यादीत साधारणपणे येत नाही. त्याला एक वर्ष एमआयडीसीत काढावं लागतं, आणि कमी सीजीपीएच्या फाइलला ते वर्ष बहुतेकदा उपकारकच ठरतं.